स्ट्रेन गेज ब्रिज : सेन्सिटिव्हिटी जुळत नाही, नॉनलिनिअ‍ॅरिटी जास्त येते, तर कुठून तपासायचं

आमच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमध्ये कँटिलिव्हर पट्टीचा प्रयोग वर्षानुवर्षं चालू आहे आणि प्रत्येक बॅचमधला एक तरी गट शेवटच्या अर्ध्या तासात माझ्याकडे येतो. "सर, नॉनलिनिअ‍ॅरिटी दोन टक्के आली. रिपोर्टमध्ये 'ब्रिज मुळातच नॉनलिनिअर असतो' असं कारण लिहिलंय. चालेल ना?" चालत नाही. ब्रिज बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. दोष कुठे आहे हे शोधायची एक ठरलेली वाट आता माझ्या हाताला बसली आहे, तीच इथे लिहितो.

आकडे नीट समजावेत म्हणून मांडणी आधी सांगतो. २५ मिमी रुंद, ६ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एका टोकाला बोल्टने आवळलेली. वजन टांगायची खाच क्लँपपासून २०० मिमीवर, आणि गेजच्या मध्यापासून १५० मिमीवर. चार गेज, प्रत्येकी ३५० ओहम, दोन वरच्या अंगाला आणि दोन खालच्या. म्हणजे फुल ब्रिज. पाच व्होल्टचा पुरवठा, आणि आउटपुट वाचायला १ मायक्रोव्होल्टपर्यंत दाखवणारा टेबलावरचा मल्टिमीटर. भार ० ते ५ किलो. तुमची पट्टी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण क्रम हाच ठेवा.

लक्षणं

यातलं एक किंवा जास्त दिसत असेल तर पुढे वाचा.

- सेन्सिटिव्हिटी गणितापेक्षा बरीच कमी येते, किंवा कालची आणि आजची जुळत नाही.
- शेवटच्या एक-दोन वजनांना रीडिंग कमी वाढतं.
- वजनं चढवताना एक रीडिंग, उतरवताना त्याच वजनाला दुसरं.
- सगळी वजनं काढली तरी शून्य मूळ जागी येत नाही.
- काहीही न हलवता आकडा सावकाश सरकत राहतो.
- आर-स्क्वेअर ०.९९९६ आहे, आलेख अगदी सरळ दिसतो, तरीही नॉनलिनिअ‍ॅरिटी एक-दोन टक्के.

शेवटच्या लक्षणाने सगळ्यात जास्त मुलं फसतात, म्हणून खालचं उदाहरण त्याचंच घेतलं आहे.

पहिली तपासणी : कागद आणि पेन, खर्च शून्य

हात लावण्याआधी आउटपुट किती यायला हवं ते काढा. कँटिलिव्हरसाठी गेजच्या जागचा स्ट्रेन आणि फुल ब्रिजचं आउटपुट असं:

```
strain = 6*F*L / (E*b*t^2)
Vo/Vex = GF * strain
```

इथे `L` म्हणजे भारापासून गेजच्या मध्यापर्यंतचं अंतर. क्लँपपर्यंतचं नव्हे, ही चूक मी दर वर्षी खोडतो. ५ किलो म्हणजे सुमारे ४८.९ न्यूटन, अ‍ॅल्युमिनियमचा `E` ६९ गिगापास्कल, गेज फॅक्टर २ धरला तर स्ट्रेन येतो सुमारे ७१० मायक्रोस्ट्रेन, आणि आउटपुट १.४२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. पाच व्होल्टला साधारण ७.१ मिलिव्होल्ट.

हा आकडा कॅलिब्रेशन नव्हे. जाडीचा वर्ग होतो, त्यामुळे ६ मिमीच्या पट्टीत ०.०५ मिमीचा फरक असला तरी उत्तर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास हलतं. पण मोजलेलं उत्तर याच्या निम्मं किंवा चौथाई आलं, तर एखादा गेज चुकीच्या भुजेत जोडलाय किंवा ब्रिज अर्धाच काम करतोय हे लगेच कळतं. वरच्या दोन गेजच्या भुजा ब्रिजमध्ये समोरासमोर हव्यात. त्या शेजारी-शेजारी लागल्या तर परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि आउटपुट जवळजवळ शून्य येतं.

त्याच कागदावर दुसरा हिशेब करा : तुमचा मीटर किती बारीक वाचतो? साडेतीन अंकी हातातला मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ०.१ मिलिव्होल्टची पायरी दाखवतो. पूर्ण भाराला मिळणार ७ मिलिव्होल्ट. म्हणजे सगळ्या मोजमापात जेमतेम ७० पायऱ्या, आणि एक पायरी १.४ टक्क्याची. अशा मीटरवर ०.३ टक्के नॉनलिनिअ‍ॅरिटी लिहिलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. ते उत्तर एक्सेलने दिलेलं असतं, पट्टीने नाही.

आता ब्रिजवरच्या आरोपाचा हिशेब. एकच गेज चालू असलेल्या क्वार्टर ब्रिजमध्ये नॉनलिनिअ‍ॅरिटी खरंच असते, पण ती किती?

```
Vo/Vex = (GF*strain/4) / (1 + GF*strain/2)
```

७१० मायक्रोस्ट्रेनला छेदातला जास्तीचा भाग ०.०००७ भरतो, म्हणजे पूर्ण भाराच्या रीडिंगमध्ये ०.०७ टक्के. आणि चारही गेज वाकण्याला सारखाच, दोन ताणाचा आणि दोन दाबाचा प्रतिसाद देत असतील, तर तेवढीही उरत नाही. तेव्हा फुल ब्रिजच्या प्रयोगात दोन टक्के आले की "ब्रिज नॉनलिनिअर" हे कारण यादीतून खोडा आणि पुढे चला.

दुसरी तपासणी : वहीत आणखी एक रकाना

आता ते उदाहरण. एका गटाची चढत्या वजनांची रीडिंग्ज, शून्य वजा करून आणि एक्सायटेशनने भागून, मिलिव्होल्ट प्रति व्होल्टमध्ये:

| वजन, किलो | आउटपुट | आधीच्या रीडिंगपासून वाढ |
|---|---|---|
| ० | ०.०००० | – |
| १ | ०.२८२४ | ०.२८२४ |
| २ | ०.५६५४ | ०.२८३० |
| ३ | ०.८४८३ | ०.२८२९ |
| ४ | १.१३०९ | ०.२८२६ |
| ५ | १.३८०० | ०.२४९१ |

तिसरा रकाना त्यांच्या वहीत नव्हता, तो मी भरायला लावला. भरल्यावर बोलायची गरजच उरली नाही. पहिले चार किलो एका चालीने चालले आहेत आणि पाचव्याला काहीतरी आडवं आलं आहे.

त्यांनी मात्र पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून रेषा काढली होती. तिचा उतार ०.२७६० आला, आणि सगळ्यात मोठा फरक निघाला ४ किलोला : १.१३०९ वजा १.१०४०, म्हणजे ०.०२६९. पूर्ण भाराच्या १.३८०० ने भागलं की १.९५ टक्के. गंमत बघा, ४ किलोचं रीडिंग अगदी बरोबर होतं. चुकीच्या बिंदूला टोक मानून रेषा काढली, म्हणून चोर सोडून संन्याशाला सुळी गेली.

लीस्ट स्क्वेअर्सची रेषा काढली तर सगळ्यात मोठा फरक १.१६ टक्के येतो आणि तो ५ किलोला दिसतो. पण ० किलोलाही रेषा ०.००६३ ने वर जाते, म्हणजे दोष सगळ्या बिंदूंवर थोडा थोडा फासला जातो. याच आकड्यांचा आर-स्क्वेअर ०.९९९६ आहे. भार ० पासून ५ पर्यंत वाढतोय म्हटल्यावर आउटपुट वाढणारच, आणि त्या मोठ्या वाढीपुढे एक-दोन टक्क्यांचा दोष आर-स्क्वेअरला दिसतही नाही. कॅलिब्रेशनच्या रिपोर्टमध्ये तो आकडा नसला तरी माझी हरकत नसते.

म्हणून नॉनलिनिअ‍ॅरिटीची टक्केवारी काढण्याआधी रेषेपासून उरलेल्या फरकाचा, म्हणजे रेसिड्युअलचा, वेगळा आलेख काढा. त्याचा आकार बघून अर्धं निदान होतं. एकच टोक खाली पडलं असेल तर काहीतरी टेकतंय किंवा अ‍ॅम्प्लिफायर भरला आहे. वेडेवाकडे दात असतील तर वजनं बघा. चढतानाची आणि उतरतानाची रेघ वेगळी होऊन लांबट वेटोळं दिसत असेल तर क्लँप, घर्षण किंवा गोंद. चढतानाचे बिंदू सरळ रेषेत आहेत पण शेवटी शून्य परत येत नाही आणि फरक वेळेबरोबर वाढतोय, तर ड्रिफ्ट.

तिसरी तपासणी : पट्टीला काही टेकतंय का

वरच्या गटाकडे गेलो आणि टेबलाच्या उंचीला डोळे आणून पट्टीखाली पाहिलं. पट्टी फार वाकू नये म्हणून टोकाखाली एक ओव्हरलोड बोल्ट असतो. तो कोणीतरी वर फिरवून ठेवला होता. फीलर गेज घालून पाहिलं तर फट ४.१ मिमी.

हिशेब जुळतो का पाहा. या पट्टीचं टोक ५ किलोला ४.२ मिमी खाली जातं, म्हणजे किलोमागे ०.८४ मिमी. ४.१ मिमीची फट भरायला ४.८८ किलो लागतात. आणि १.३८०० हे आउटपुट, ०.२८२६ च्या उताराने, बरोबर ४.८८ किलोचंच आहे. त्यापुढचा भार बोल्टने उचलला आणि गेजपर्यंत पोचलाच नाही. बोल्ट खाली करून फट ५ मिमी केली, म्हणजे सुमारे ६ किलोला टेकेल अशी, आणि ५ किलोचं रीडिंग १.४१३० झालं.

बोल्टच नाही, गेजच्या वायरी पट्टीला ताणून बांधलेल्या असणं, केबल टाय टेबलाला घासणं, वजनांचा हूक स्टँडच्या पायाला लागणं, हे सगळं याच खात्यात. वायरींना क्लँपजवळ एक सैल वळसा ठेवा. आणि वरचा पंखा बंद करा. टांगलेली वजनं झुलतात तोवर शेवटचा अंक स्थिर होत नाही आणि वाऱ्याने गेजचं तापमानही हलतं.

चौथी तपासणी : वजनं आणि ती टांगायची जागा

लॅबमधली खाचेची लोखंडी वजनं वर्षानुवर्षं पडतात, टवके उडतात, गंजतात, कुणी त्यावर रंग मारतं. एकेक वजन चांगल्या इलेक्ट्रॉनिक तराजूवर ठेवून खरं वजन खडूने त्यावरच लिहा. १ किलोच्या वजनात ८ ग्रॅमची तूट असली तर ५ किलोच्या पल्ल्यात ०.१६ टक्क्याचा दात तयार होतो, आणि तो दर वेळी त्याच जागी येतो, म्हणून खऱ्या नॉनलिनिअ‍ॅरिटीसारखा दिसतो. ओळखायची सोपी खूण : वजनं चढवायचा क्रम बदला. दात त्या वजनाबरोबर दुसऱ्या जागी गेला तर दोष वजनाचा.

हँगरचं स्वतःचं वजन विसरलात तर उतार बदलत नाही, फक्त शून्य सरकतं. शून्य हँगर लावूनच घेतलंत की प्रश्न मिटला. हूकची जागा मात्र उतारच बदलते : १५० मिमीत १ मिमी सरकला की सेन्सिटिव्हिटी ०.६७ टक्क्याने हलते. "काल वेगळी, आज वेगळी" या तक्रारीचं मूळ मला बहुतेक वेळा इथेच सापडलं आहे. पट्टीवर कानशीने उथळ खाच पाडून घ्या आणि हूक नेहमी तिथेच बसवा.

पाचवी तपासणी : एक्सायटेशन ब्रिजच्या पायाशी मोजा

पॉवर सप्लायच्या तोंडावर ५.०० लिहिलंय म्हणून रिपोर्टमध्ये ५ लिहू नका. मीटरच्या टोच्या थेट ब्रिजच्या टर्मिनलवर लावा. आमच्याकडे त्याच दिवशी ४.९६ व्होल्ट मिळाले. बाकीचे वायरीत आणि कनेक्टरमध्ये जातात. २६ गेजची तांब्याची वायर मीटरला सुमारे ०.१३ ओहम असते. जाऊन-येऊन पाच-पाच मीटर धरली तर १.३ ओहमच्या वर. ३५० ओहमच्या ब्रिजला ०.४ टक्के तूट, १२० ओहमच्या ब्रिजला मात्र १.१ टक्के. एखादा स्क्रू टर्मिनल गंजला असेल तर याहून कितीतरी जास्त, आणि तो हात लावला की बदलतो.

वजन टाकता-काढताना एक्सायटेशनवरही नजर ठेवा. ते हलत असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाळूवर उभं आहे. दर रीडिंगबरोबर एक्सायटेशनही लिहून भागाकार केलात तर ही भानगड आपोआप मिटते.

सहावी तपासणी : पुरवठा बंद करून ओहम

सप्लाय बंद करा, ब्रिज त्याच्यापासून सोडवा आणि ओहम मोजा. ३५० ओहमच्या चार गेजच्या ब्रिजमध्ये एक्सायटेशनच्या दोन टोकांत ३५० मिळतात, सिग्नलच्या दोन टोकांतही ३५०, आणि कुठल्याही शेजारच्या दोन कोपऱ्यांत २६२.५. १२० ओहमचे गेज असतील तर १२० आणि ९०. शेजारच्या चार जोड्यांपैकी एखादी वेगळी आली तर ती भुजा किंवा तिची डाखणी पकडली गेली. बाजारातल्या तयार लोड सेलमध्ये भरपाईचे रेझिस्टर आत असतात, त्यामुळे तिथे एक्सायटेशनच्या बाजूला ३५० पेक्षा जास्त दिसलं तर घाबरू नका, डेटाशीट बघा.

मग गेजची एक वायर आणि पट्टीचा धातू यांच्यात मोजा. साध्या मल्टिमीटरने इथे काहीही आकडा दाखवता कामा नये, ओव्हर-रेंजच दिसायला हवं. आकडा दिसला, म्हणजे इन्सुलेशन काही मेगओहमवर आलं आहे. चांगल्या चिकटवलेल्या गेजचं ते हजार मेगओहमच्या पुढे असतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे जे शून्य सकाळभर सरकत राहतं, त्यामागे हा ओलावाच निघतो. हेअर ड्रायरने लांबून कोमट हवा दिल्यावर सुधारलं तर खात्री झाली. कोरडं झाल्यावर मेणाचा किंवा सिलिकॉनचा लेप द्या, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल वायरी खातं. आणि ५०० व्होल्टचा मेगर गेजला लावू नका. गेजखालचं इन्सुलेशन केसाएवढं पातळ असतं.

सातवी तपासणी : शंट कॅलिब्रेशन

इथपर्यंत दोष सापडला नसेल तर हा एक रेझिस्टर निकाल लावतो. ब्रिजच्या एका भुजेला, गेजच्या टर्मिनलवरच, ०.१ टक्क्याचा १०० किलो-ओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. वजन काहीच नाही. आउटपुटमध्ये उडी किती यायला हवी ते असं :

```
dVo/Vex = R / (4*Rs + 2*R)
        = 350 / (400000 + 700)
        = 0.8735 mV/V
```

४.९६ व्होल्टला ४.३३ मिलिव्होल्ट. कुठल्या भुजेला लावला त्याप्रमाणे उडी अधिक किंवा उणे येईल. चारही भुजांना आळीपाळीने लावून पाहा.

ही तपासणी मला इतकी प्रिय का, तर ती दोषाचे दोन तुकडे करते. उडी बरोबर आली, चारही भुजांना सारखी आली, तरी वजनांचं रीडिंग चुकतंय : मग वायरी, एक्सायटेशन, अ‍ॅम्प्लिफायर, मीटर यांतलं काहीही दोषी नाही. पट्टी, क्लँप, वजनं आणि गोंद, एवढ्यांतच शोधा. उडीच चुकली तर पट्टीला हात लावू नका, दोष विजेच्या बाजूला आहे. अ‍ॅम्प्लिफायर असेल तर १०० किलो-ओहमच्या जोडीला २०० किलो-ओहमही लावून पाहा. उडी जवळजवळ निम्मी, ०.४३७१, यायला हवी. तशी न येता मोठी उडी दबलेली दिसली तर अ‍ॅम्प्लिफायरच वरच्या टोकाला भरतोय.

मात्र शंट गेज फॅक्टर तपासत नाही आणि गेज पट्टीला नीट चिकटलाय का हेही सांगत नाही. अर्धवट सुटलेल्या गेजवरही उडी झकास येते.

आठवी तपासणी : ऊब, क्लँप, गोंद

पाच व्होल्टच्या ब्रिजमध्ये ३५० ओहमच्या प्रत्येक गेजमध्ये १८ मिलिवॉट उष्णता तयार होते, १२० ओहमच्या गेजमध्ये ५२. पुरवठा चालू केल्या केल्या घेतलेलं शून्य टिकत नाही ते त्यामुळे. अर्धा तास चालू ठेवून मगच सुरुवात करा. १२० चे गेज असतील आणि आकडा सरकतच असेल तर एक्सायटेशन कमी करून पाहा.

मग पूर्ण भार तीनदा चढवून उतरवा, रीडिंग न लिहिता. पट्टी क्लँपमध्ये बसायची तेवढी यात बसते. त्यानंतरही चढ-उताराचं वेटोळं मोठं राहिलं तर क्लँपचे बोल्ट समान आवळा आणि पुन्हा करा. वेटोळं लहान झालं तर घसरण क्लँपमध्येच होती. नाही झालं, तर ५ किलो दहा मिनिटं तसेच ठेवा. ऊब स्थिर झालेली असूनही आउटपुट एकाच दिशेने सरकत राहिलं तर गोंद ढिला पडतोय.

इथे थांबा

गोंद ढिला असेल, गेजची कड सुटलेली भिंगाखाली दिसत असेल किंवा इन्सुलेशन वाळवूनही वर येत नसेल, तर वरून फेव्हिक्विक सोडून दाबू नका. तो गेज गेला. नवा बसवणं हे पृष्ठभाग घासून, धुऊन, ठराविक दाबाखाली चिकटवायचं काम आहे, आणि ज्याने ते रोज केलंय त्याच्याकडेच द्या.

तयार लोड सेलच्या बाबतीत ओहम किंवा शंटची उडी चुकली की तिथेच थांबा. सीलबंद सेल उघडला की तो परत तसा बंद होत नाही. क्रेनमध्ये, लिफ्टमध्ये किंवा टाकीच्या पायाखाली बसवलेल्या सेलवर तर यातलं काहीही स्वतः करू नका, भार आधी सुरक्षितपणे दुसरीकडे घ्यावा लागतो. मालाची खरेदी-विक्री होते तो काटा वैध मापनच्या कक्षेत येतो. त्याचं सील तोडायचा अधिकार परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला आहे, आपल्याला नाही. आणि गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागत असेल तर आपल्या खडूने लिहिलेल्या वजनांवर ते निघत नाही, एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा.

आता रिपोर्ट

बोल्ट खाली केल्यावर त्या गटाने पुन्हा घेतलेली रीडिंग्ज ही. प्रत्येक वजन ठेवल्यावर तीस सेकंद थांबून, दहा रीडिंग्जची सरासरी :

| वजन, किलो | चढताना | उतरताना |
|---|---|---|
| ० | ०.०००० | ०.०००४ |
| १ | ०.२८२४ | ०.२८३७ |
| २ | ०.५६५४ | ०.५६७३ |
| ३ | ०.८४८३ | ०.८५०१ |
| ४ | १.१३०९ | १.१३२१ |
| ५ | १.४१३० | – |

चढताना एखादं वजन जास्त पडलं म्हणून ते काढून पुन्हा पुढे जाऊ नका. तसं केलं की तो बिंदू चढतानाचा राहत नाही. सगळं उतरवून पहिल्यापासून करा.

सेन्सिटिव्हिटी मिलिव्होल्टमध्ये लिहिली, समजा "१.४० मिलिव्होल्ट प्रति किलो", तर ती ४.९६ व्होल्टपुरतीच खरी. दुसऱ्याने १० व्होल्ट लावले की तुमचा आकडा निरुपयोगी. म्हणून ती मिलिव्होल्ट प्रति व्होल्टमध्येच द्या : लीस्ट स्क्वेअर्सचा उतार किलोमागे ०.२८२७, पूर्ण भाराला १.४१३. गणिताने १.४२ दिले होते, तेवढा मेळ पुरे.

नॉनलिनिअ‍ॅरिटी लिहिताना कुठली रेषा धरली ते त्याच वाक्यात हवं. वरच्या आकड्यांत टोकाच्या दोन बिंदूंची रेषा धरली तर सगळ्यात मोठा फरक ०.०००५, म्हणजे पूर्ण भाराच्या ०.०३५ टक्के. लीस्ट स्क्वेअर्सची धरली तर ०.०२४. दोन्ही खरे, आणि रेषेचं नाव न लिहिता दिलेले दोन्ही निरर्थक. शिवाय मीटरची एक पायरी इथे ०.०००२, म्हणजे ०.०१४ टक्के आहे. सरासरी घेतली असली तरी तिसऱ्या दशांशापर्यंत जाण्यात अर्थ नाही. लीस्ट स्क्वेअर्सचे ०.०२४ वरच्या बाजूला गोल करून "०.०३ टक्के" एवढंच लिहा.

चढ-उतारातला सगळ्यात मोठा फरक २ किलोला आहे, ०.००१९, म्हणजे ०.१३ टक्के. हा हिस्टेरिसिस. चढ-उतार एकत्र करून एकच रेषा काढलीत तर तो नॉनलिनिअ‍ॅरिटीत मिसळून जातो आणि वाचणाऱ्याला काय सुधारायचं ते कळत नाही. रिपोर्टचा तो परिच्छेद मी शेवटी त्या गटाला असा लिहायला लावला :

"भार ० ते ५ किलो, चढत्या क्रमाने सहा बिंदू, तीन पूर्वभारांनंतर. एक्सायटेशन ब्रिजच्या टर्मिनलवर ४.९६ व्होल्ट, खोलीचं तापमान २७ अंश. सेन्सिटिव्हिटी ०.२८२७ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट प्रति किलो. नॉनलिनिअ‍ॅरिटी, लीस्ट स्क्वेअर्स रेषेपासून, पूर्ण भाराच्या ±०.०३ टक्के. हिस्टेरिसिस ०.१३ टक्के, २ किलोला. शून्यावर परत येताना फरक ०.०३ टक्के. ३५० ओहमच्या भुजेला १०० किलो-ओहमचा शंट लावून उडी ०.८७३ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट. वजनं इलेक्ट्रॉनिक तराजूवर तपासलेली, प्रमाणित नाहीत."

शेवटचं वाक्य काढावं का, असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, तेच राहू द्या. आणि हिस्टेरिसिस नॉनलिनिअ‍ॅरिटीच्या चौपट आहे म्हटल्यावर पुढच्या बॅचने क्लँपचे बोल्ट बघायचे, हेही खाली पेन्सिलने लिहून ठेवा.